भाड्याचा बेड, फ्रिज, वॉशिंग मशीन परत करताना: डिपॉझिट कुठे कापलं जातं आणि ते कसं वाचवायचं

डिपॉझिटचा विचार बहुतेकांना सुचतो तो टेम्पो दारात उभा राहिल्यावर. तोवर फार उशीर झालेला असतो. परतीच्या वेळी होणाऱ्या कपातीतला मोठा भाग सामान घरात आलं त्या दिवशी आणि तुम्ही बाहेर पडायची तारीख निवडली त्या दिवशीच ठरून गेलेला असतो. गादीवरचा डाग किंवा फ्रिजचा पोचा त्यानंतर येतो. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे, आणि उदाहरण म्हणून एकच घर धरलं आहे.

समजा, वाकडमधल्या एका वन बीएचकेमध्ये १२ महिन्यांच्या योजनेवर गादीसह क्वीन साइज बेड, सिंगल डोअर फ्रिज आणि फ्रंट लोड वॉशिंग मशीन घेतलं आहे. तिन्हींचं मिळून भाडं २,४०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ४३२ रुपये, म्हणजे महिन्याला २,८३२. डिपॉझिट ४,८०० रुपये. कंपनीप्रमाणे आकडे बदलतील, पण हिशेबाची पद्धत साधारण अशीच असते.

## १. होकार देण्याआधी: चारच कलमं वाचा

अख्खा करार कोणी वाचत नाही, हे धरूनच चालू. पण पुढची चार उत्तरं मिळाल्याशिवाय डिपॉझिट भरू नका. अ‍ॅपवर सापडली नाहीत तर ग्राहक सेवेला ईमेलने विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. फोनवर मिळालेल्या आश्वासनाचा परतीच्या वेळी काही उपयोग होत नाही.

पहिलं, मुदतीआधी बंद केलं तर आकार कसा लावतात? याच्या दोन पद्धती दिसतात. काही ठिकाणी एक किंवा दोन महिन्यांचं भाडं ठरलेलं असतं. दुसऱ्या पद्धतीत तुम्ही प्रत्यक्षात वापरलेल्या मुदतीचा, म्हणजे चढा, दर पहिल्या महिन्यापासून मागे जाऊन लावतात. ही दुसरी पद्धत लोकांच्या लक्षातच येत नाही. तिचा हिशेब चौथ्या टप्प्यात मांडला आहे.

दुसरं, भाडं कधी थांबतं? तुम्ही परतीची विनंती टाकली त्या दिवशी, सामान उचललं त्या दिवशी, की चालू महिना संपल्यावर? तिसरं, प्रत्येक वस्तूची भरपाईची किंमत किती धरली आहे? वस्तू पूर्ण निकामी झाली तर तुमच्याकडून मागितली जाणारी रक्कम ती हीच. आणि चौथं, नुकसानीपासून संरक्षण म्हणून दरमहा जी छोटी रक्कम घेतात, त्यात काय येत नाही? हरवलेले भाग, गादीवरचे डाग आणि चोरी बऱ्याचदा त्यातून वगळलेली असते. तसं असेल तर या रकमेतून तुमच्या हाती फारसं काही लागत नाही.

सावधान: ‘शून्य डिपॉझिट’ योजनेत भाडं एखाद्या कर्जसंस्थेमार्फत जातं का, ते पाहा. तसं असेल तर चुकलेला हप्ता तुमच्या क्रेडिट अहवालात कर्जाचा चुकलेला हप्ता म्हणून दिसू शकतो.

आणखी एक. तिघे मित्र मिळून राहत असाल, तरी करार एकाच्याच नावावर असतो. तो आधी सोडून गेला तर उरलेल्या दोघांनी वापरलेल्या गादीची कपात त्याच्या डिपॉझिटमधून होते आणि परतावाही त्याच्याच खात्यात जातो. करार दुसऱ्याच्या नावावर करता येतो का, हे आधीच विचारून ठेवा.

## २. सामान आलं त्या दिवशीचा अर्धा तास

भाड्याचं सामान बहुतेक वेळा नवं नसतं. आधीच्या ग्राहकाकडून परत आलेलं, साफसूफ केलेलं असतं. त्यात गैर काहीच नाही, पण आधीच्या माणसाचा ओरखडा तुमच्या नावावर चढायला नको.

डिलिव्हरीवाले घाईत असतात. अ‍ॅपवर ओटीपी मागतात, तो दिला की सामान ‘चांगल्या स्थितीत मिळालं’ अशी नोंद होते. म्हणून ओटीपी सर्वात शेवटी. आधी पुढच्या क्रमाने एकच सलग व्हिडिओ काढा, तुकड्या-तुकड्यांत नको.

1. सुरुवात चलनाच्या कागदावरून किंवा मोबाइलवरच्या ऑर्डरवरून करा, म्हणजे तारीख आणि वस्तूंची यादी आपोआप येते.
2. मग प्रत्येक उपकरणाचा सीरियल नंबर. फ्रिजमध्ये तो आतल्या बाजूच्या भिंतीवर किंवा मागे असतो. फ्रंट लोड मशीनमध्ये दार उघडल्यावर कडेच्या पट्टीवर किंवा मागच्या बाजूला सापडतो. अ‍ॅपवरच्या नोंदीशी तो ताडून बघा.
3. फ्रिजच्या दोन्ही बाजू, दाराच्या खालचा कोपरा, आतले काचेचे कप्पे आणि भाज्यांचा ट्रे बाहेर काढून. ट्रेच्या पुढच्या कडेला तडा असतो आणि तो आत असताना दिसत नाही.
4. गादी उभी करून दोन्ही बाजूंनी, उजेडात. कव्हरची चेन असेल तर उघडून आतला फोमही.
5. बेडचे पाय, डोक्याकडच्या फळीच्या कडा, स्टोरेज असेल तर हायड्रॉलिक उचलून धरतं की खाली बसतं तेही.

जे काही खटकेल ते चलनावर हाताने लिहा, आणलेल्या माणसाची सही घ्या आणि त्याच दिवशी फोटोंसह ईमेल करा. दुसऱ्या दिवशी केलेल्या तक्रारीवर ‘रात्रीत तुमच्याकडूनच झालं असेल’ असं उत्तर येऊ शकतं.

फ्रंट लोड मशीनची एक वेगळीच भानगड आहे. वाहतुकीत आतला ड्रम हादरू नये म्हणून मागच्या बाजूने लांब ट्रान्झिट बोल्ट घातलेले असतात. मशीन सुरू करण्याआधी ते काढावेच लागतात. काढलेले बोल्ट तंत्रज्ञ नेतो की तुमच्याकडे ठेवतो, हे विचारा. तुमच्याकडे ठेवले असतील तर पिशवीत घालून पाण्याच्या पाइपला बांधून टाका. परतीच्या वेळी ते सापडले नाहीत तर हरवलेला भाग म्हणून पैसे कापले जातात, आणि बोल्टशिवाय मशीन नेल्यावर गोदामात पोचेपर्यंत ड्रमला काही झालं तर तेही तुमच्या गळ्यात पडू शकतं.

इथे तपासा: वापरादरम्यान मशीन बिघडलं आणि कंपनीने बदलून दुसरं दिलं, तर नव्या मशीनचा सीरियल नंबर अ‍ॅपवर बदलला का? हे अनेकदा राहून जातं. मग परतीच्या वेळी नोंदीतला नंबर जुळत नाही आणि ‘वस्तू मिळालीच नाही’ असा शेरा पडून पूर्ण किंमत लावली जाते.

## ३. वापरात असताना पैसे जातात त्या तीन जागा

रोजच्या वापराने होणारी झीज, म्हणजे बारीक ओरखडे, किंचित फिकटलेला रंग, थोडी दबलेली गादी, यासाठी सहसा पैसे कापत नाहीत. कापतात ते पुढच्या गोष्टींसाठी.

गादी. डागाची गादी धुऊन दुसऱ्या ग्राहकाला देता येत नाही, असं कारण देऊन कंपनी हातभर डागासाठी पूर्ण गादीची किंमत लावू शकते. चहा, रक्त, तेल, लहान मुलाचं शू, डाग कशाचाही असो. उपाय स्वस्त आहे. पहिल्या रात्रीच्या आधी वॉटरप्रूफ प्रोटेक्टर घाला. वरून चादर टाकली की झालं असं समजू नका, ओल चादरीतून थेट आत जाते. डाग पडलाच तर गादीवर पाणी ओतून घासू नका. त्याने डागाची कड पसरते आणि आतला फोम वाळत नाही. ओल्या फडक्याने टिपून घ्या आणि पंख्याखाली वाळवा.

बेड आणि टेबलाचे पाय. भाड्याच्या फर्निचरमध्ये पार्टिकल बोर्डासारखं, भुसा दाबून केलेलं लाकूड खूप असतं. वरची लॅमिनेटची पट्टी पाणी अडवते, पण जमिनीला टेकलेली खालची कड उघडी असू शकते. रोज ओल्या पोछ्याने फरशी पुसली की ती कड पाणी ओढते, फुगते आणि पट्टी सुटते. एकदा फुगलेला बोर्ड पुन्हा बसत नाही. पायांखाली प्लॅस्टिकचे बूट लावा, नाहीतर पोछा चांगला पिळून घ्या. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात कपाटाची मागची फळी भिंतीला चिकटवून ठेवली तर तिथे बुरशी धरते. मध्ये दोन-तीन बोटं जागा सोडा.

सिंगल डोअर फ्रिजचा फ्रीजर. या फ्रिजमध्ये गॅसच्या वाहिन्या फ्रीजरच्या पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या भिंतीतूनच जातात. साठलेला बर्फ सुरीने खरवडला आणि टोक आत घुसलं की गॅस निघून जातो. दुरुस्ती मोठी असते आणि ‘ग्राहकाच्या हातून झालेलं नुकसान’ म्हणून ती करारात बसत नाही. डीफ्रॉस्टचं बटण दाबायचं आणि थांबायचं, दुसरा मार्ग नाही.

बोअरवेल किंवा टँकरचं जड पाणी येणाऱ्या सोसायटीत वॉशिंग मशीनच्या हीटरवर क्षाराचा थर बसतो. महिन्या-दोन महिन्यांतून डीस्केलिंग पावडर टाकून रिकामं मशीन गरम पाण्यावर चालवा. आणि बिघाड झाला तर कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बोलवू नका. बाहेरच्या माणसाने उघडलेलं उपकरण म्हणून सगळी जबाबदारी तुमच्यावर येते.

घर बदलायचं असेल तेव्हा हीच गोष्ट. स्वतःचा टेम्पो करून सामान हलवू नका, आधी कंपनीला कळवा. एकाच शहरात हलवून देण्याची सोय काही ठिकाणी भाड्यातच धरलेली असते.

## ४. बाहेर पडायची तारीख: हिशेब करून मगच विनंती टाका

सर्वात जास्त पैसे जातात ते इथे, एकही ओरखडा नसताना.

आपल्या वाकडच्या घरात १२ महिन्यांच्या योजनेचं भाडं २,४०० आहे. तेच सामान ६ महिन्यांच्या योजनेवर २,९०० ला मिळत होतं. आठव्या महिन्याअखेर नोकरी बदलली आणि परत करायचं ठरलं. करारात मागे जाऊन दर लावण्याची पद्धत असेल तर कंपनी म्हणते, तुम्ही १२ महिने पूर्ण केले नाहीत, म्हणून ६ महिन्यांचा दर लागू. फरक महिन्याला ५०० रुपये. आठ महिन्यांचे ४,०००, त्यावर जीएसटी ७२०, एकूण ४,७२०. डिपॉझिट ४,८०० होतं. परत येतात ८० रुपये.

हे चीड आणणारं असलं तरी या टप्प्यावर सोडणंच शहाणपणाचं आहे, कारण उरलेल्या चार महिन्यांचं भाडं ११,३२८ रुपये होतं. पण आता दहाव्या महिन्याअखेरचा हिशेब करा. फरक ५,००० आणि जीएसटी ९००, म्हणजे ५,९००. उरलेल्या दोन महिन्यांचं भाडं मात्र ५,६६४. म्हणजे मुदत पूर्ण करणंच थोडं स्वस्त. अकराव्या महिन्याअखेर तर दंड ६,४९० आणि उरलेलं भाडं फक्त २,८३२.

या पद्धतीत जितकं उशिरा सोडाल तितका दंड वाढतो आणि उरलेलं भाडं घटतं. दोन्ही आकडे कुठे ओलांडतात ते तुमच्या करारावरून काढा: (दोन दरांतला फरक × वापरलेले महिने) + जीएसटी एका बाजूला, उरलेले महिने × जीएसटीसह भाडं दुसऱ्या बाजूला. दुसरी बाजू लहान असेल तर विनंती टाकू नका. घर सोडावं लागत असलं तर सामान त्याच शहरातल्या मित्राच्या पत्त्यावर हलवून मागा, किंवा मित्र करार आपल्या नावावर घेईल का ते बघा. एकरकमी दंड असलेल्या करारात हिशेब सोपा आहे, पण तोही करून बघाच.

तारीख ठरली की बिलिंगची तारीख पाहा. बिल दर ५ तारखेला निघत असेल आणि भाडं उचलण्याच्या दिवसापर्यंत लागत असेल, तर ४ तारखेचं पिकअप ६ वर गेल्याने काही कंपन्या दोन दिवसांचं भाडं घेतात, काही पूर्ण महिन्याचं. म्हणून बिलाच्या तारखेच्या किमान पाच-सहा दिवस आधीचा दिवस मागा, आणि विनंती त्याच्याही दोन आठवडे आधी टाका. महिनाअखेरीला सगळीच घरं रिकामी होतात, तेव्हा दिवस मिळत नाही.

सावधान: विनंती टाकल्यावर ऑटोपे किंवा ई-मँडेट लगेच बंद करू नका. शेवटचं भाडं बाऊन्स झालं की बाऊन्सचा आकार आणि उशिराचा दंड, दोन्ही डिपॉझिटमधून जातात.

## ५. पिकअपच्या आधीचे दोन दिवस

सोसायटीच्या कार्यालयातून सामान बाहेर नेण्याचा गेट पास आधीच घ्या. अनेक सोसायट्यांत रविवारी किंवा संध्याकाळी सामान हलवू देत नाहीत, शिवाय सर्व्हिस लिफ्ट वेळ ठरवून मिळते. टेम्पो गेटवरून परत गेला तर फुकट फेरीचा आकार लागतो आणि नव्या तारखेपर्यंत भाडं चालूच राहतं.

घरमालकालाही यादी पाठवून ठेवा. घरात त्याचंही फर्निचर असेल तर पिकअपवाले चुकीचं टेबल नेतात, असं घडतं.

आदल्या दिवशी सकाळी फ्रिज रिकामा करून डीफ्रॉस्टला लावा. वितळलेलं पाणी मागच्या खालच्या ट्रेमध्ये जमतं, तो ट्रे काढून ओता. नाहीतर जिन्यात फ्रिज तिरका झाला की ते पाणी मोटरच्या भागावर सांडतं. दार उघडं ठेवून वाळवा, वास राहिला तर साफसफाईचा आकार लागू शकतो. वॉशिंग मशीनचा नळ बंद करा, पाइप काढा. मग खाली कोपऱ्यातलं छोटं झाकण उघडून त्याखाली पसरट थाळी धरा आणि फिल्टर हळूहळू सैल करा. चांगलं लिटरभर पाणी येतं, त्याबरोबर नाणी आणि हेअरपिनाही. दाराच्या रबराच्या घडीतली काळी बुरशी ओल्या फडक्याने पुसून घ्या.

एसी असेल तर तो स्वतः काढायच्या फंदात पडू नका. काढण्याआधी गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घ्यावा लागतो. तसं न करता पाइप सोडला की गॅस हवेत जातो आणि भरायचा खर्च तुमच्या नावावर पडतो.

बेडचे नट-बोल्ट, अ‍ॅलन की, रिमोट, स्टॅबिलायझर, मशीनचा पाण्याचा पाइप, ट्रान्झिट बोल्ट हे सगळं एका पिशवीत घालून वर यादी चिकटवा.

## ६. पिकअप

पहिल्या दिवशी केला तसाच सलग व्हिडिओ, त्याच क्रमाने, सामान उचलण्याआधी. फ्रिज आणि मशीन चालू करून दाखवायचं असेल तर हा भाग आदल्या दिवशी काढा, कारण पिकअपच्या वेळी ती रिकामी आणि बंद असतात. मग बेड उघडताना आणि टेम्पोत चढवताना मोबाइल चालू ठेवा. दाराच्या चौकटीला घासून पडलेला ओरखडा हमालाच्या हातून पडलेला असतो, पण त्याची नोंद गोदामात होते.

उचलणाऱ्याने अ‍ॅपवर जे शेरे भरले ते दाखवायला सांगा. ‘तपासणी गोदामात होईल’ असं तो म्हणेल आणि त्यात तो खोटं बोलत नाही. अशा वेळी पावतीवर एवढं लिहून घ्या: कुठल्या वस्तू नेल्या, सीरियल नंबर, सोबतचे सगळे भाग मिळाले. ओटीपी त्यानंतरच. पावती मिळत नसेल तर टेम्पो निघताना त्याच मजकुराचा ईमेल कंपनीला पाठवा.

## ७. अंतिम हिशेब आला की

कपातीचा एकच आकडा मान्य करू नका. प्रत्येक वस्तूसाठी वेगळी रक्कम, नुकसानीचा फोटो आणि सुट्या भागाचं किंवा दुरुस्तीचं बिल मागा. मग तीन गोष्टी पडताळा. फोटोतला तडा तुमच्या पहिल्या व्हिडिओत आहे का? फक्त भाज्यांचा ट्रे मोडला असताना फ्रिजच्या दाराचे पैसे लावलेत का? आणि पूर्ण किंमत लावली असेल तर वस्तू आधी किती वर्षं भाड्याने फिरली आहे? भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेली दंडाची रक्कम ही वरची मर्यादा असते आणि भरपाई त्यापेक्षा जास्त नाही, वाजवी तेवढीच मिळते. तीन वर्षं वापरलेल्या गादीला नव्या गादीची किंमत लावली असेल तर हा मुद्दा ईमेलमध्ये स्पष्ट लिहा.

ऑनलाइन सेवा असेल तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला थेट लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार सोडवायची असते. तिथे काम झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि e-jagriti.gov.in वरून ती ऑनलाइन दाखल होते. मुदत दोन वर्षांची. करारात लवादाचं कलम आहे म्हणून आयोगात जाता येत नाही, असं कोणी सांगितलं तर ते खरं नाही.

परतावा यायला उशीर होण्याचं एक साधं कारण म्हणजे बंद पडलेलं खातं. नोकरी सोडताना जुनं पगार खातं बंद केलेलं असतं आणि रक्कम तिथेच पाठवली जाते. खात्याचा तपशील विनंती टाकतानाच बदला. डिपॉझिट जमा झालं आणि थकबाकी शून्य असल्याचा ईमेल आला की त्याच दिवशी यूपीआय अ‍ॅपमध्ये किंवा बँकेत जाऊन मँडेट रद्द करा. पुढच्या बिलाच्या तारखेआधी भाडं कापलं जाणार असल्याचा बँकेचा मेसेज आला, तर करार अजून कुठेतरी चालू दिसतोय असं समजायचं आणि लगेच कळवायचं.